अँटीव्हायरसचा इशारा: खरा की खोटा?

हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यातील पुसेगावात टायपिंगचा एखादा क्लास आहे असे समजा. विद्यार्थ्यांना महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या संगणक टंकलेखन परीक्षेसाठी मराठी रेमिंग्टन पद्धतीचा सराव हवा असतो, म्हणून चालक एक छोटे मराठी टायपिंगचे सॉफ्टवेअर उतरवून घेतो. डाउनलोड पूर्ण होताच कोपऱ्यात लाल पट्टी झळकते, फाइलमध्ये ट्रोजन सापडल्याचे सांगते आणि फाइल फोल्डरमधून गायब होते. शेजारच्या संगणकावर मात्र तीच फाइल वर्षभर विनातक्रार चालू असते.

अशा वेळी लोक दोनपैकी एक टोक गाठतात. काही जण अँटीव्हायरस बंद करून फाइल चालवतात, तर काही जण कामाचे सॉफ्टवेअर कायमचे टाकून देतात. खरे तर या दोन्हींची गरज नसते. इशारा खोटा आहे की धोका खरा आहे, हे बऱ्याचदा फाइल न चालवता अर्ध्या तासात ठरवता येते. त्यासाठी तीन प्रश्नांची उत्तरे शोधावी लागतात: फाइल नेमकी कोणती आहे, ती कोणाकडून आली आहे, आणि स्वतंत्रपणे पाहणाऱ्या इतर स्कॅनरांना ती कशी दिसते?

अस्सल फाइलवर संशय का येतो?

अँटीव्हायरस मुख्यतः दोन पद्धतींनी काम करतो. पहिली पद्धत ओळखीची. आधी सापडलेल्या घातक फाइलींच्या खुणा त्याच्या यादीत असतात आणि नव्या फाइलीत तीच खूण दिसली की तो तिला पकडतो. या पद्धतीत चूक कमी होते, पण कालच तयार झालेला व्हायरस यादीत नसल्याने निसटतो. म्हणून दुसरी पद्धत वापरली जाते, ती अंदाजाची. फाइलची रचना कशी आहे, ती विंडोजकडून कोणत्या सोयी मागते, किती संगणकांवर ती पूर्वी दिसली आहे, असे अनेक बारकावे जमा केले जातात. घातक फाइलींशी त्यांचे साम्य ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की इशारा दिला जातो. खोटे इशारे बहुतेक वेळा या दुसऱ्या पद्धतीतून येतात.

मराठी टायपिंगचे छोटे सॉफ्टवेअर या अंदाजात सहज अडकू शकते. कळफलकावर इंग्रजी अक्षराची कळ दाबली की वर्डमध्ये देवनागरी अक्षर उमटले पाहिजे, म्हणून असे काही प्रोग्राम कळफलक आणि वर्ड यांच्या मध्ये बसतात. दाबलेली प्रत्येक कळ ते आधी स्वतःकडे घेतात आणि तिच्या जागी दुसरे अक्षर पुढे पाठवतात. त्यासाठी विंडोजची जी सोय लागते तिला कीबोर्ड हुक म्हणतात. पासवर्ड चोरणारे कीलॉगर नावाचे घातक प्रोग्रामही हीच सोय वापरतात. फरक एवढाच, की टायपिंगचा प्रोग्राम अक्षर बदलून पुढे देतो आणि कीलॉगर ते लिहून ठेवून बाहेर पाठवतो. फाइल न चालवता नुसती तपासणाऱ्या स्कॅनरला हा फरक नेहमी दिसतोच असे नाही.

यात आणखी तीन गोष्टींची भर पडते. इन्स्टॉलर म्हणजे मुळात दाबून बसवलेले गाठोडे असते. आतला मजकूर उघडल्याशिवाय वाचता येत नाही, आणि घातक फाइलीही स्वतःला लपवण्यासाठी असेच आवरण घेतात. दुसरे म्हणजे असे सॉफ्टवेअर संगणक सुरू होताच आपोआप सुरू व्हावे अशी नोंद करते, आणि तीही व्हायरसची जुनी सवय आहे. तिसरे म्हणजे छोट्या विकासकाच्या फाइलीवर बऱ्याचदा डिजिटल सही नसते. सहीचे प्रमाणपत्र दरवर्षी पैसे मोजून घ्यावे लागते आणि जून २०२३ पासून त्याची गुप्त किल्ली हार्डवेअर टोकनमध्ये किंवा तितक्याच सुरक्षित उपकरणात ठेवणे बंधनकारक आहे. मोजक्याच संगणकांवर दिसलेली, सही नसलेली, दाबून बांधलेली आणि कळा ऐकणारी फाइल अंदाज बांधणाऱ्या यंत्रणेला संशयास्पद वाटली, तर त्यात नवल नाही.

मोठ्या कंपन्यांच्या फाइलीही यातून सुटत नाहीत. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीमधली `svchost.exe` ही विंडोजचीच अत्यावश्यक फाइल व्हायरस ठरवली. जगभरातले असंख्य संगणक त्यामुळे पुन्हा पुन्हा बंद पडून सुरू होत राहिले. इशारा आला म्हणजे धोका सिद्ध झाला असे नसते, तपास सुरू करण्याचे कारण मात्र मिळते.

इशाऱ्याचे नाव काय सांगते?

तपासाची पहिली पायरी म्हणजे इशाऱ्यात आलेले नाव नीट वाचणे. विंडोजच्या स्वतःच्या डिफेंडरमध्ये ते Windows Security उघडून Virus & threat protection आणि त्याखालच्या Protection history मध्ये दिसते. फाइल हटवली गेली असली तरी ही नोंद राहते.

समजा तिथे `Trojan:Win32/Wacatac.B!ml` असे लिहिले आहे. यातला पहिला शब्द प्रकार सांगतो, दुसरा कोणत्या प्रणालीसाठीची फाइल आहे ते सांगतो आणि तिसरा गटाचे नाव देतो. शेवटचे `!ml` महत्त्वाचे आहे. हा निर्णय ओळखीच्या खुणेवरून झालेला नाही, हजारो फाइली पाहून शिकलेल्या गणिती नमुन्याच्या अंदाजावरून झाला आहे, असा त्याचा अर्थ. इतर कंपन्यांच्या नावांत `Generic`, `Heur`, `Suspicious`, `susgen` किंवा `AIDetect` असे तुकडे आले तर तोही बहुधा अंदाजच असतो.

याउलट `Emotet`, `AgentTesla`, `RedLine` अशी ठरावीक टोळीची नावे आली, तर स्कॅनरला त्या टोळीची विशिष्ट खूण दिसली असण्याची शक्यता मोठी असते. तो इशारा हलक्याने घेऊ नये.

तिसरा प्रकार `PUA`, `PUP`, `Riskware` किंवा `HackTool` असा असतो. फाइल व्हायरस नसली तरी वापरणाऱ्याला नको असलेले काही करू शकते, असे स्कॅनर इथे सांगतो. मोफत सॉफ्टवेअर वाटणारी काही संकेतस्थळे मूळ इन्स्टॉलरभोवती स्वतःचे वेष्टण घालतात आणि त्यातून जाहिराती किंवा ब्राउझरची टूलबार गळ्यात मारतात. अशा वेळी इशारा बरोबर असतो आणि सॉफ्टवेअरही अस्सल असते. वेष्टण टाळून मूळ विकासकाकडून फाइल घेतली की प्रश्न सुटतो.

हॅश: फाइलची ओळख पटवणे

दुसरी पायरी म्हणजे हातात असलेली फाइल विकासकाने बनवलेलीच आहे का हे पाहणे. नाव, आकार आणि चिन्ह यांवर विसंबता येत नाही, कारण ती कोणीही नक्कल करू शकतो. त्यासाठी हॅश लागतो.

हॅश म्हणजे फाइलमधल्या प्रत्येक बाइटवर ठरावीक गणित करून काढलेली संख्या. आज सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या SHA-256 या पद्धतीत ती ६४ अंक-अक्षरांची असते. फाइल दोन ओळींची असो वा दोन जीबीची, हॅशची लांबी तेवढीच राहते. एक छोटासा फरकही हॅश पूर्ण बदलून टाकतो. `hello` या पाच अक्षरांचा SHA-256 हॅश असा येतो:

```
2cf24dba5fb0a30e26e83b2ac5b9e29e1b161e5c1fa7425e73043362938b9824
```

पहिले अक्षर मोठ्या लिपीत करून `Hello` लिहिले, की तो असा होतो:

```
185f8db32271fe25f561a6fc938b2e264306ec304eda518007d1764826381969
```

दोन्हींत साम्य म्हणावे असे काही उरत नाही. म्हणूनच इन्स्टॉलरमध्ये कोणी चार बाइट जरी घुसवले, तरी हॅश जुळणार नाही. एकाच हॅशच्या दोन वेगळ्या फाइली मुद्दाम बनवणे SHA-256 च्या बाबतीत आजवर कोणाला जमलेले नाही. MD5 च्या बाबतीत ते २००४ मध्ये आणि SHA-1 च्या बाबतीत २०१७ मध्ये करून दाखवण्यात आले. त्यामुळे संकेतस्थळावर दोन-तीन प्रकारचे हॅश दिले असतील, तर SHA-256 चाच वापरावा.

विंडोजमध्ये हॅश काढायला वेगळे सॉफ्टवेअर लागत नाही. फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे तिथे पॉवरशेल उघडून पुढील ओळ टाइप करावी:

```
Get-FileHash .\setup.exe -Algorithm SHA256
```

जुन्या कमांड प्रॉम्प्टमध्ये हेच काम असे होते:

```
certutil -hashfile setup.exe SHA256
```

हॅश काढताना फाइल फक्त वाचली जाते, चालवली जात नाही, म्हणून त्यात धोका नाही. आलेली संख्या विकासकाच्या पानावर छापलेल्या संख्येशी ताडून पाहायची. पहिली चार आणि शेवटची चार अक्षरे पाहून समाधान मानू नये. तेवढी अक्षरे जुळणारी दुसरी फाइल मुद्दाम घडवणे आजच्या संगणकांना फारसे अवघड नाही. पूर्ण तुलना संगणकावरच सोपवता येते. अवतरणचिन्हांत विकासकाने दिलेला हॅश चिकटवला, की उत्तर `True` किंवा `False` असे येते:

```
(Get-FileHash .\setup.exe).Hash -eq "येथे छापील हॅश"
```

अक्षरे मोठ्या लिपीत आहेत की लहान, याने फरक पडत नाही.

हॅश जुळला नाही तर काय होते, याचे एक उदाहरण

मे २०१७ मध्ये हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या प्रसिद्ध मोफत सॉफ्टवेअरच्या दोन डाउनलोड सर्व्हरांपैकी एकात चोर शिरले. २ ते ६ मे या काळात तिथली मॅक संगणकासाठीची फाइल बदलून तिच्या जागी प्रोटॉन नावाच्या हेरगिरीच्या प्रोग्रामसह बनवलेली फाइल ठेवण्यात आली. नाव तेच होते, सॉफ्टवेअरही दिसायला तसेच होते. विकासकांनी नंतर लोकांना सांगितले, की त्या दिवसांत फाइल घेतली असेल तर तिचा हॅश तपासा, कारण बदललेल्या फाइलीचा हॅश वेगळा होता. ज्यांनी बसवण्यापूर्वी हॅश ताडला त्यांना ही फसवणूक त्याच क्षणी कळू शकत होती.

हॅश न जुळण्याची निरुपद्रवी कारणेही असतात. डाउनलोड अर्धवट तुटले असेल, पानावरचा हॅश जुन्या आवृत्तीचा असेल, किंवा ३२ बिटच्या फाइलीचा हॅश ६४ बिटच्या फाइलीशी ताडला जात असेल. अशा वेळी आवृत्तीचा क्रमांक पाहून फाइल पुन्हा उतरवावी. दुसऱ्यांदाही हॅश जुळला नाही तर ती फाइल चालवू नये, मग स्कॅनर काहीही म्हणोत.

हॅश कुठून घ्यायचा?

हॅशची ताकद तो कुठून घेतला यावर ठरते. ज्या पानावर फाइल आहे त्याच पानावर हॅशही असेल आणि ते पानच चोरांच्या हाती गेले असेल, तर ते दोन्ही बदलतील. म्हणून शक्य असेल तेव्हा हॅश दुसऱ्या वाटेने मिळवावा. विंडोज १० आणि ११ मध्ये असलेली विंगेट ही सोय त्यासाठी उपयोगी पडते. हजारो सॉफ्टवेअरच्या नोंदी तिथे वेगळ्या ठेवलेल्या असतात आणि प्रत्येक नोंदीत इन्स्टॉलरचा हॅश असतो. उदाहरणार्थ,

```
winget show VideoLAN.VLC
```

असे लिहिले की इतर माहितीबरोबर Installer SHA256 हीही ओळ दिसते.

व्हीएलसीचे उदाहरण इथे मुद्दाम घेतले आहे. २०२२ च्या फेब्रुवारीपासून भारतात व्हिडिओलॅनचे अधिकृत संकेतस्थळ अनेक इंटरनेट सेवांवर उघडेनासे झाले आणि ही बंदी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये उठली. त्या मधल्या महिन्यांत ज्यांना व्हीएलसी हवे होते त्यांच्यापुढे मित्राचा पेनड्राइव्ह किंवा अनोळखी डाउनलोड संकेतस्थळ असेच पर्याय उरत होते. फाइल कुठूनही येवो, हॅश विश्वासू ठिकाणाहून मिळाला तर फाइलचा प्रवास महत्त्वाचा राहत नाही. हॅश जुळला म्हणजे ती बाइटनुबाइट तीच फाइल असते.

डिजिटल सही: फाइल कोणाकडून आली?

अनेक विकासक हॅश छापतच नाहीत. अशा वेळी डिजिटल सही पाहावी. सेवा केंद्र चालवणाऱ्यांना दाखल्यांवर सही करणारे टोकन माहीत असते. इन्स्टॉलरवरील सहीमागेही तेच गणित असते. फाइलचा हॅश काढून विकासक तो आपल्या गुप्त किल्लीने बंद करतो. पुढे फाइल बदलली तर सही मोडते.

फाइलवर राइट क्लिक करून Properties उघडावे आणि Digital Signatures हा भाग पाहावा. तो भाग नसेल तर फाइलवर सही नाही. पॉवरशेलमध्ये पुढील ओळ हेच सांगते:

```
Get-AuthenticodeSignature .\setup.exe
```

उत्तरात `Valid` आले तर सही शाबूत आहे, `NotSigned` आले तर सही नाही, आणि `HashMismatch` आले तर सही झाल्यानंतर फाइलमध्ये फेरफार झाला आहे. `HashMismatch` आलेली फाइल तिथेच टाकून द्यावी. सही शाबूत असेल तरी सही करणाऱ्याचे नाव वाचावे. एखाद्या प्रसिद्ध सॉफ्टवेअरच्या इन्स्टॉलरवर कधी न ऐकलेल्या कंपनीची सही असेल, तर ती वैध असूनही संशय वाढवते.

सही नसणे हा मात्र गुन्हा नाही. वर पाहिल्याप्रमाणे अनेक प्रामाणिक छोट्या विकासकांना तो खर्च परवडत नाही.

अनेक स्कॅनरांची साक्ष

आता तिसरी पायरी. एकाच फाइलीवर अनेक अँटीव्हायरसचे मत घेण्यासाठी व्हायरसटोटल ही सेवा सर्वाधिक वापरली जाते. ती २००४ मध्ये स्पेनमधल्या हिस्पासेक या कंपनीने सुरू केली आणि २०१२ मध्ये गूगलने विकत घेतली. आज तिथे सुमारे ७० स्कॅनर आहेत, त्यांत पुण्याच्या क्विक हीलचाही समावेश आहे. जोट्टी आणि मेटाडिफेंडर या सेवाही याच धर्तीवर चालतात.

इथे जाताना आधी फाइल चढवू नये, हॅश शोधावा. शोधाच्या चौकटीत ६४ अक्षरी हॅश टाकला की ती फाइल पूर्वी कोणी तपासली असल्यास अहवाल लगेच समोर येतो. अँटीव्हायरसने फाइल आधीच हटवली असेल, तरी विकासकाने छापलेला हॅश टाकून अस्सल फाइलीचा अहवाल पाहता येतो. फाइल चढवण्याची वेळ आलीच, तर एक गोष्ट लक्षात ठेवावी: चढवलेली फाइल सुरक्षा क्षेत्रातल्या इतर संस्थांना आणि ग्राहकांना उपलब्ध होते. इन्स्टॉलरच्या बाबतीत त्याने बिघडत नाही. लोकांच्या आधारच्या प्रती, उत्पन्नाचे दाखले किंवा बँकेची कागदपत्रे मात्र तिथे कधीही चढवू नयेत.

अहवालात वर एक आकडा असतो, समजा ७१ पैकी ७. इथे बहुतेक जण थांबतात आणि चूकही इथेच होते. हे सात खरोखर सात आहेत का, हे पाहावे लागते. अनेक अँटीव्हायरस कंपन्या तपासणीचे मूळ इंजिन दुसऱ्या कंपनीकडून घेतात. बिटडिफेंडरचे इंजिन इतरही अनेक उत्पादनांत असते, त्यामुळे त्याची एक चूक अहवालात पाच-सहा नावांनी दिसू शकते. अवास्त आणि एव्हीजी यांचेही तसेच आहे. पारावर सात जणांनी एकच बातमी सांगितली, पण सातही जणांनी ती एकाच माणसाकडून ऐकली असेल, तर साक्षीदार एकच धरावा लागतो. अहवालात हे ओळखणे सोपे असते, कारण अशा स्कॅनरांनी दिलेले धोक्याचे नाव अगदी अक्षरशः सारखे असते.

म्हणून आकड्याआधी नावे पाहावीत. सारख्या नावांचा एक गट करावा आणि किती स्वतंत्र गट उरतात ते मोजावे. मग त्या गटांपैकी किती जण अंदाजाची भाषा बोलतात आणि किती जण ठरावीक टोळीचे नाव घेतात ते पाहावे. अहवालाच्या Details भागात फाइल पहिल्यांदा कधी आली याची तारीख असते. दोन वर्षांपूर्वी आलेली आणि आजही दोघा-तिघांनीच अंदाजाने अडवलेली फाइल बहुधा निर्दोष असते. तासाभरापूर्वी प्रथमच दिसलेल्या फाइलीबद्दल मात्र कमी आकड्यावरून काहीच म्हणता येत नाही, कारण नवा व्हायरसही पहिल्या दिवशी असाच दिसतो.

अशा नव्या फाइलीसाठी वेळ हीच उत्तम कसोटी आहे. एक-दोन दिवस थांबून अहवालात Reanalyze करावे. खोटा इशारा असेल तर आकडा साधारणपणे उतरतो, कारण कंपन्या चूक दुरुस्त करतात. खरा धोका असेल तर आकडा चढतो आणि `Generic` च्या जागी ठरावीक नावे येऊ लागतात.

दोन फाइली, एकच नाव

ही पद्धत प्रत्यक्षात कशी चालते ते पाहण्यासाठी पुसेगावच्या त्या काल्पनिक क्लासकडे वळू. चालकाकडे एकाच नावाच्या दोन फाइली आहेत असे समजा. पहिली विकासकाच्या संकेतस्थळावरून आलेली, आकार ६.२ एमबी. दुसरी ओळखीच्या एकाने पेनड्राइव्हमधून दिलेली, तीच आवृत्ती, पण आकार ७.९ एमबी. डिफेंडर दोन्हींना अडवतो.

पहिल्या फाइलीचा हॅश विकासकाने छापलेल्या हॅशशी जुळतो. सही नाही. व्हायरसटोटलवर ७१ पैकी ४ इशारे आहेत: एक `!ml`, दोन `Suspicious` धर्तीचे आणि एक `susgen`. चारही अंदाजाचे, एकातही टोळीचे नाव नाही. फाइल पहिल्यांदा चौदा महिन्यांपूर्वी आलेली आहे आणि इतक्या काळात आकडा वाढलेला नाही. सॉफ्टवेअर कळा ऐकते, हे त्याच्या कामातच आहे. इशाऱ्यांचे कारण समजते आणि पुरावा एकाच दिशेने जातो. इशारा खोटा आहे असे मानायला हरकत नाही.

दुसऱ्या फाइलीचा हॅश जुळत नाही. तोच हॅश शोधला तर अहवालात ३१ इशारे दिसतात. सारख्या नावांचे गट केल्यावरही बारा-तेरा स्वतंत्र मते उरतात आणि त्यांतली अनेक माहिती चोरणाऱ्या एका ठरावीक टोळीचे नाव घेतात. वाढलेला १.७ एमबी आकार हा बहुधा आत बसवलेला चोर असावा. ही फाइल बसवली तर मराठी टायपिंग नीट चालेल, आणि म्हणूनच कोणाला शंका येणार नाही.

डिफेंडरने दोन्ही फाइलींना दिलेला इशारा सारखाच होता. फरक हॅशने आणि नावांच्या गटांनी दाखवला.

या पद्धतीच्या मर्यादा

सगळे जुळूनही फाइल घातक असू शकते, आणि त्याचे मोठे उदाहरण म्हणजे सीक्लीनर. १५ ऑगस्ट २०१७ रोजी आलेली या सॉफ्टवेअरची ५.३३ ही आवृत्ती विकासकाच्याच संकेतस्थळावर होती आणि तिच्यावर विकासकाची वैध सही होती. पण चोर कंपनीच्या आत शिरले होते आणि फाइल तयार होतानाच त्यांनी आपला भाग घुसवला होता. महिनाभर ती वाटली गेली आणि कंपनीच्या अंदाजाने सुमारे २२ लाख ७० हजार संगणकांवर पोहोचली. सिस्को टॅलोसच्या संशोधकांनी सप्टेंबरमध्ये ती पकडली, तेव्हा व्हायरसटोटलवरच्या ६४ स्कॅनरांपैकी एकच तिला घातक म्हणत होता. हॅश फाइल मूळचीच असल्याचे सांगतो, पण मूळ फाइल स्वच्छ आहे हे तो सांगू शकत नाही.

दुसरी मर्यादा झिप फोल्डरमधून येणाऱ्या सॉफ्टवेअरची. एप्रिल २०२२ मध्ये सिमँटेकने सिकाडा या हेरगिरी करणाऱ्या टोळीबद्दल अहवाल दिला. या टोळीने व्हीएलसीची अस्सल फाइलच वापरली होती, पण तिच्या शेजारी घातक डीएलएल फाइल ठेवली होती. अस्सल प्रोग्राम सुरू झाला की तो शेजारची फाइल स्वतःहून उचलतो आणि तिच्या आतला घातक भाग चालू होतो. अशा फोल्डरमधल्या फक्त `.exe` चा हॅश तपासून उपयोग नाही. संपूर्ण झिपचा हॅश ताडावा, आणि तो मिळत नसेल तर आतल्या प्रत्येक `.exe` व `.dll` फाइलीचा हॅश तपासावा.

तिसरी मर्यादा व्हायरसटोटलचीच. तिथले स्कॅनर संगणकावर बसवलेल्या अँटीव्हायरसइतके पूर्ण नसतात. काहींच्या मांडण्या अधिक कडक असतात, तर चालत्या फाइलीवर नजर ठेवणारा भाग अनेकांत तिथे नसतो. म्हणून शून्य इशारे हे निर्दोषत्वाचे प्रमाणपत्र मानू नये.

> थोडक्यात
>
> - इशाऱ्याचे नाव वाचा. `!ml`, `Generic`, `Heur` म्हणजे अंदाज. टोळीचे नाव असेल तर थांबा.
> - SHA-256 हॅश काढा आणि विकासकाच्या हॅशशी संगणकाकडूनच ताडून घ्या.
> - हॅश दोनदा जुळला नाही, किंवा सही `HashMismatch` दाखवते, तर फाइल टाकून द्या.
> - व्हायरसटोटलवर आधी हॅश शोधा. सारख्या नावांचे इशारे एकच धरा.
> - नवी फाइल असेल तर दोन दिवस थांबून पुन्हा तपासा.
> - पुरावा दोन दिशांनी जात असेल तर फाइल चालवू नका.

खोटा इशारा ठरल्यावर

इशारा खोटा असल्याची खात्री झाली तरी अँटीव्हायरस बंद करू नये. तेवढी एकच फाइल Protection history मधून परत आणून तिच्यापुरती परवानगी द्यावी. संपूर्ण डाउनलोड फोल्डर तपासणीतून वगळणे ही सर्रास होणारी चूक आहे, कारण पुढची घातक फाइल त्याच फोल्डरमध्ये उतरते. तपासलेल्या फाइलीचा हॅश एका वहीत किंवा मजकुराच्या फाइलीत तारखेसह लिहून ठेवावा. क्लासमधल्या इतर संगणकांवर तीच फाइल नेताना पुन्हा सगळा तपास करावा लागत नाही.

इशारा देणाऱ्या कंपनीला फाइल पाठवणेही महत्त्वाचे आहे. मायक्रोसॉफ्ट, क्विक हील आणि इतर कंपन्यांकडे त्यासाठी नमुने पाठवण्याची सोय असते. विकासकालाही कळवावे, कारण फाइल त्याने स्वतः पाठवली तर दुरुस्ती लवकर होते आणि पुढच्या वापरकर्त्याला हा ताप होत नाही.

आणि शेवटी, इन्स्टॉलर खरोखर लागतो का हेही तपासावे. मराठी इनस्क्रिप्ट कळफलक विंडोजमध्ये फार पूर्वीपासून आहे आणि उच्चारानुसार टाइप करण्याचा मराठी कळफलक विंडोज १० च्या २०१९ मधल्या १९०३ या आवृत्तीपासून मिळतो. दोन्ही सेटिंगमधून सुरू होतात. ज्यांना रेमिंग्टनच हवे आहे त्यांनी वरची तपासणी करून बाहेरचे सॉफ्टवेअर घ्यावे. बाकीच्यांना त्याची गरजच नाही.